सुरांच्या डबीची बिजागरी

सकाळी 7.10

सदाशिव पेठेतल्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत शिरले तेव्हा प्रिंटर थंड झालेला होता. बेडवर डबी होती. दोन्ही अर्धी पुस्तकासारखी उघडी आणि मधे बिजागरी. रात्री लावून गेले होते, पहाटे कधीतरी संपली असणार. दिसायला चोख. कोपरे उचललेले नाहीत, भिंती सरळ.

उचलली, बिजागरीच्या अगदी जवळ दोन्ही हातांचे अंगठे ठेवले आणि हळूच वाकवून पाहिली. हलली नाही. थोडा जोर लावला, तरी नाही.

ही डबी पेठेतच राहणाऱ्या, पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांची. पेटी म्हणजे हार्मोनियम. कार्यक्रमाला जाताना ते जादा सूर बरोबर नेतात. सूर म्हणजे पितळी पट्टीवर रिव्हेट मारून बसवलेली पातळ पितळी जीभ. ती जीभ जरा वाकली किंवा तिच्याखाली एखादा कण अडकला तरी सूर बिघडतो, नाहीतर बोलतच नाही. म्हणून प्रत्येक सुराला वेगळा खण हवा, झाकण घट्ट बसायला हवं, आणि बिजागरी डबीचीच हवी. काकांच्या जुन्या डबीची पिन निघून एकदा ऐन कार्यक्रमात झाकण हातात आलं आणि सूर बैठकीवर सांडले. तेव्हापासून त्यांची एकच अट आहे, सुटा भाग कुठलाच नको.

म्हणजे बिजागरी जागच्या जागी छापायची. दोन्ही अर्धी एकाच वेळी, एकमेकांत अडकलेली, मधे फक्त हवेची फट. नंतर जोडायचं काही नाही, म्हणून नंतर निघण्यासारखंही काही नाही. पण त्या फटीतच सगळं येतं. फट कमी पडली तर दोन भाग एकमेकांना चिकटून एकच ठोकळा होतो, जास्त झाली तर झाकण लुडबुडतं.

चार दिवसांपूर्वी हीच डबी पीएलएमध्ये छापली होती. पहिल्याच प्रयत्नात 'कट्' असा बारीक आवाज होऊन सुटली होती. पण काका ती स्कूटरच्या डिकीत ठेवणार, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत पीएलए मऊ पडतं. साठ अंशांच्या आसपास ते आकार धरून राहत नाही. म्हणून पीईटीजी घेतलं. डिझाइन तेच, फट तीच, आणि आज बिजागरी बंद.

सकाळी 8.00

जोर लावून तोडली असती तर कळलं काहीच नसतं, म्हणून कापायचं ठरवलं.

कापण्याआधी ही बिजागरी कशी आहे ते सांगते. पाच नळ्या एका ओळीत, प्रत्येक 12 मिमी लांब, 8 मिमी व्यासाची. पहिली, तिसरी, पाचवी डबीला चिकटलेली, दुसरी आणि चौथी झाकणाला. दारांच्या बिजागरीत या नळ्यांमधून एक खिळा जातो. इथे खिळा नाही. एका नळीच्या तोंडावर बसका शंकू आहे, समोरच्या नळीच्या तोंडात त्याच आकाराची वाटी. शंकू वाटीत, मधे फट. शंकू का, तर प्रिंटर थरावर थर रचत जातो आणि हवेत थर टाकता येत नाही. आडव्या गोल खिळ्याचं पोट हवेत असतं, ते खाली लोंबतं. शंकूची खालची बाजू मात्र पंचेचाळीस अंशांत तिरकी वर चढते. प्रत्येक नवा थर खालच्या थराच्या फक्त 0.2 मिमी पुढे येतो आणि त्याची निम्म्याहून जास्त रुंदी खालच्या थरावर टेकलेली असते. वाटीचं छतही तसंच तिरकं. सपोर्ट लागत नाही, आणि लागला असता तरी बंद सांध्याच्या आतून तो काढायचा कुणी?

वाइसमध्ये फडकं घालून डबी धरली आणि हॅक्सॉच्या बारीक दातांच्या पात्याने बिजागरी लांबीत मधोमध उभी चिरली. सावकाश, कारण पातं तापलं की पीईटीजी वितळून फट पुसून टाकतं, मग पाहायचं काय? कापलेला पृष्ठभाग पाण्यात ओल्या पॉलिशपेपरवर घासला, पुसला आणि खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरला.

चारही सांध्यांत एकच चित्र होतं. शंकूच्या खालच्या बाजूला फट होती. बारीक, थोडी दातेरी, पण होती. वरच्या बाजूला नव्हती. वाटीचं छत खाली ओघळून शंकूच्या पाठीवर टेकलं होतं, आणि थर वेगवेगळे दिसण्याऐवजी तिथे प्लॅस्टिक चकचकीत, मिसळल्यासारखं दिसत होतं.

फट सगळीकडे कमी पडली असती तर ती खालीही बुजली असती. रीळ ओलसर असतं तर आत तंतू आणि बुडबुडे दिसले असते. श्रावणातल्या हवेत पीईटीजी ओल धरतंच, म्हणून रीळ रात्रभर 65 अंशांवर वाळवूनच लावलं होतं. इथे अक्षाच्या खाली एक परिस्थिती होती आणि अक्षाच्या वर दुसरी. बारा मिलिमीटर उंचीवर काहीतरी बदलत होतं.

सकाळी 9.15

कॉम्प्युटरवर फाइल उघडून थर एकेक करून पाहिले, आणि साठाव्या थराला उत्तर सापडलं.

डबी उघडी, 180 अंशांत, दोन्ही तोंडं वर करून छापतो. झाकण फिरून डबीवर नीट टेकायचं तर बिजागरीचा अक्ष दोन्हींच्या काठाच्या उंचीवर हवा. दोन्ही अर्धी 12 मिमी उंच, म्हणून अक्षही 12 मिमीवर. थर 0.2 मिमीचा, म्हणजे साठावा थर. नळ्यांचा वरचा अर्धा भाग त्याच्याही वर, 16 मिमीपर्यंत जातो.

साठाव्या थरापर्यंत प्रिंटर दोन्ही अर्ध्यांच्या भिंती आणि खण छापत असतो. एका थराला तीन-चार मिनिटं लागतात. नळीवर टाकलेलं प्लॅस्टिक पुढचा थर येईपर्यंत पूर्ण घट्ट होतं. साठाव्या थराला भिंती संपतात. त्यानंतर उरतात फक्त पाच छोट्या नळ्यांची डोकी, आणि नोझल काही सेकंदांत परत त्याच जागी येतं. खालचा थर अजून मऊ, त्यावर 240 अंशांचं नवं प्लॅस्टिक, आणि नेमकं याच उंचीवर वाटीचं छत हवेत तिरकं पुढे येत असतं. ते ओघळणारच. पीएलएला पंखा पूर्ण वेगाने चालू असतो म्हणून ते वाचलं. पीईटीजीला मी पंखा तीस टक्के ठेवते, कारण जास्त वाऱ्याने त्याचे थर एकमेकांना नीट धरत नाहीत.

फट वाढवून हा प्रश्न झाकला गेला असता. 0.6 केली असती तर कदाचित सुटलीही असती, पण खाली ढिली आणि वर घासणारी बिजागरी झाली असती. कारण कळल्यावर तसं करायला मन होईना.

सकाळी 10.30

भाचा आला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे शिकायला येतो. त्याला कापलेला तुकडा दाखवला आणि म्हटलं, अख्खी डबी परत छापायची नाही, आधी चाचणीचा तुकडा काढ. चार फटी, 0.2, 0.3, 0.4 आणि 0.5. प्रत्येकाला दोन नळ्या, एक सांधा.

तो हुशार आहे, वेळ वाचवायला बघतो. भिंत वगैरे न काढता त्याने नळ्या थेट बेडवर टेकवल्या, खालून थोड्या सपाट केल्या आणि लावून दिलं. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामात होते, लक्ष गेलं नाही.

सकाळी 11.20

"मावशी, 0.2, 0.3, 0.4 तिन्ही चिकटले. फक्त 0.5 सुटला. म्हणजे पीईटीजीला अर्धा मिलिमीटर लागतो."

मी 0.4 चा तुकडा हातात घेऊन उलटा केला आणि त्याला खालची कड दाखवली. दोन नळ्यांमधली फट वरून स्वच्छ दिसत होती, पण खाली, बेडला लागलेल्या पहिल्या-दुसऱ्या थरात, दोन्ही तोंडं एकमेकांत मिसळली होती. पहिला थर बेडवर दाबून बसवावा लागतो, नाहीतर तो धरत नाही. दाबल्यावर तो बाजूला पसरतो, दोन्ही बाजूंनी दशांश-दीड दशांश मिलिमीटर. वस्तूचा पाया फुगतो. कारागीर याला हत्तीपाय म्हणतात. दोन समोरासमोरचे पाय फुगले की फट तिथे बुजते, वर ती कितीही मोकळी असली तरी.

पातळ कटरचं पातं त्या कडेवरून फिरवलं, तेवढीच चिरली. 0.4 सुटला आणि छान फिरला. 0.3 सुद्धा थोड्या करकरीनंतर सुटला.

आमच्या डबीत बिजागरी बेडपासून वर आहे, दोन्ही अर्ध्यांच्या भिंतींमध्ये खाली जवळजवळ नऊ मिलिमीटरचं अंतर आहे. तिथे हत्तीपायाचा संबंधच नाही. म्हणजे त्याच्या चाचणीने बरोबर उत्तर दिलं होतं, पण दुसऱ्याच बिजागरीचं. बेडवर सपाट छापायची साखळी किंवा मोबाइलचं घडीचं स्टँड असतं, तर हाच तुकडा योग्य ठरला असता. तिथे मग फटीच्या खालच्या कडा दोन्हीकडून अर्धा मिलिमीटर तिरक्या कापून ठेवायच्या, म्हणजे पसरायला जागा राहते. स्लायसरमध्ये `Elephant foot compensation` असतं, तेही थोडं वाढवायचं.

"चाचणी त्याच उंचीवर, त्याच दिशेत आणि तेवढाच वेळ घेऊन छापायची," मी म्हटलं. त्याने वहीत लिहून घेतलं. मग आम्ही डबीचाच एक काप घेतला. 12 मिमी उंच भिंतीचे दोन तुकडे, मधे तीन नळ्या, दोन सांधे.

यात अजून एक खाच होती. छोट्या तुकड्याचा प्रत्येक थर काही सेकंदांतच संपतो, म्हणजे अख्खा तुकडाच आमच्या वरच्या अर्ध्यासारखा ओघळेल. म्हणून बेडच्या दूरच्या कोपऱ्यात 15 मिमी चौरसाचा एक साधा मनोरा शेजारी उभा केला. त्याचं काम एवढंच की नोझलने प्रत्येक थराला तिकडे जाऊन यावं आणि तोवर नळ्यांना थंड व्हायला उसंत मिळावी. स्लायसरमध्ये `Slow down if layer print time is below` हा पर्याय आहे आणि तो मी वापरते. पण तो नोझलचा वेग कमी करतो, म्हणजे गरम नोझल त्याच छोट्या जागेवर जास्त वेळ रेंगाळतं. अशा बारीक नळ्यांसाठी मला मनोराच बरा वाटतो. चार-पाच ग्रॅम प्लॅस्टिक जातं, जाऊ दे.

दुपारी 12.15

चाचणीचा काप लावण्याआधी मी मूळ डिझाइनकडे वळले. सांध्याचा गाभा एवढाच आहे, अक्ष उभा धरून लिहिलेला. नंतर अख्खी बिजागरी आडवी करते.

```
gap = 0.42;
depth = 2;

module cone()
  cylinder(h = depth, r1 = 2.5, r2 = 0.5, $fn = 64);

translate([0, 0, -12]) cylinder(h = 12, r = 4, $fn = 64);
cone();

translate([0, 0, gap]) difference() {
  cylinder(h = 12, r = 4, $fn = 64);
  translate([0, 0, -0.01]) cone();
}
```

वाटी म्हणजे तोच शंकू `gap` एवढा पुढे सरकवून दुसऱ्या नळीतून वजा केलेला. भाच्याने विचारलं, फट 0.42 अशी विचित्र का, 0.4 का नाही?

कागदावर काढून दाखवलं. आपण शंकू अक्षाच्या दिशेने सरकवतो, पण त्याची भिंत तिरकी आहे. दोन तिरक्या भिंतींमधलं खरं अंतर काटकोनात मोजायचं. पंचेचाळीस अंशांत ते सरकवलेल्या अंतराच्या 0.71 पट भरतं. 0.42 सरकवलं की खरी फट जेमतेम 0.3 मिळते. 0.3 सरकवली असती तर 0.21, आणि 0.4 च्या नोझलने तेवढ्या फटीत दोन पृष्ठभाग वेगळे ठेवणं माझ्या मशीनला भरवशाने जमत नाही. फाइलवर लिहिलेला आकडा आणि प्लॅस्टिकमध्ये उतरणारी फट यांत हा फरक राहतो. तो लक्षात न घेता दुसऱ्याच्या डिझाइनमधले आकडे उचलले की कुणाला 0.3 पुरतात आणि कुणाला 0.4 सुद्धा पुरत नाहीत.

मग खरा बदल केला. `depth` 2 वरून 1.6 केली. शंकूची बुडाची आणि टोकाची त्रिज्या तीच, फक्त शंकू बसका झाला. याने एकाच वेळी तीन गोष्टी झाल्या. शंकूचं पोट आणि वाटीचं छत जास्त उभं झालं, म्हणजे हवेत पुढे येणारा थर 0.2 ऐवजी 0.16 च पुढे येतो आणि ओघळायला वाव कमी. तेच 0.42 सरकवून काटकोनातली फट 0.33 झाली. आणि वर-खाली मोजली तर फट 0.42 वरून 0.52 वर गेली, म्हणजे दोन थरांऐवजी अडीच थरांची जागा. ओघळ नेहमी उभ्या दिशेत होते, आणि नेमकी तिथेच जागा वाढली.

याची किंमत धरपकडीत मोजायची. आधी शंकू वाटीत, फट वजा जाता, दीड मिलिमीटरहून थोडा जास्त शिरत होता. आता 1.2 च्या आसपास. डबी खाली पडली आणि नळ्या बाजूला ताणल्या गेल्या तर शंकू बाहेर निसटायची शक्यता वाढली. चार सांधे आहेत आणि नळ्या भिंतीला जाड तिरक्या टेकूने जोडलेल्या आहेत, म्हणून मला हे चालेल. दोनच सांध्यांची बिजागरी असती तर मी हा बदल केला नसता.

तो टेकूही जाता जाता सांगते. नळी 12 मिमीवर हवेत आहे, तिला खालून आधार हवा. भिंतीच्या पायापासून साधारण 2 मिमीवर सुरू होऊन पंचेचाळीस अंशांत वर चढत जाणारा पाचरीच्या आकाराचा टेकू नळीच्या पलीकडच्या खालच्या बाजूला जाऊन भिडतो. डबी याहून बुटकी असती तर हा टेकू बसलाच नसता. मग नळी लहान करावी लागली असती, नाहीतर अक्ष बेडवर आणावा लागला असता. बिजागरीचं माप बरेचदा डबीची उंचीच ठरवते.

दुपारी 1.00

डबा खाताना भाच्याचा पुढचा प्रश्न. "मावशी, डबी उभीच का नाही छापायची? अक्ष उभा ठेवला तर नळ्या गोल येतील, फटही चारी बाजूंनी सारखी."

प्रश्न बरोबर होता. अक्ष उभा असला की प्रत्येक थरात नळीचा पूर्ण गोल छापला जातो आणि आजूबाजूची फट नोझलच्या आडव्या हालचालीतून येते. प्रिंटर आडव्या दिशेत सगळ्यात नेमका असतो. नळीत नळी फिरणारी, लांब खिळ्याची बिजागरी असेल तर मी ती उभीच छापते आणि फट 0.25 पर्यंत खाली आणते.

पण आमच्या सांध्यात दोन नळ्यांची तोंडं समोरासमोर आहेत. अक्ष उभा केला की वरच्या नळीचं सपाट तोंड खालच्या नळीच्या डोक्यावर 0.42 उंचीवर अधांतरी छापावं लागेल. ते पहिल्याच थरात खाली बसेल. शिवाय उंचीची फट थरांच्या पटीतच मिळते. 0.2 च्या थरात 0.3 ची उभी फट मागितली तर स्लायसर ती कधी एक थर देतो, कधी दोन. 0.3 नावाची फट तिथे अस्तित्वातच नसते.

आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं. मी त्याला कापलेल्या तुकड्यातला शंकू दाखवला. आडवा छापल्यामुळे नोझलच्या रेघा नळीतून निघून शंकूत जातात आणि वळून परत येतात, बुडाशी सलग. उभा छापला असता तर शंकूच्या मानेशी एक थर संपून दुसरा सुरू झाला असता, आणि डबी पडल्यावर धक्का नेमका तिथे आडवा बसतो. थरांचा जोड हा या वस्तूतला सगळ्यात कच्चा जोड. तिथे तुटलं असतं.

दुपारी 1.50

चाचणीचा काप थंड झाला. अंगठे सांध्याजवळ ठेवून पाच-सात अंश इकडे, पाच-सात अंश तिकडे. बारीक बारीक कटकट ऐकू आली, एकामागोमाग, आणि काप सुटला.

हा आवाज मी भाच्याला मुद्दाम दुसऱ्यांदा ऐकायला लावला, दुसऱ्या सांध्याशी कान नेऊन. अनेक छोटे आवाज म्हणजे ओघळलेले सुटे तंतू तुटताहेत, पृष्ठभाग वेगळेच होते. काहीच आवाज नाही आणि हात ताणला जातोय, मग एकदम मोठा 'कडाक्', तर सांधा जुळून गेलेला होता आणि कुठेतरी तुटलाय. तो फिरला तरी टाकून द्यायचा.

तोंडांमधली फट फीलर गेजने पाहिली. 0.35 चं पान शिरलं, 0.40 चं नाही. डिझाइनमध्ये 0.42. एवढा फरक या मशीनवर मला नेहमीच दिसतो, रेघ थोडी फुगते. चालेल.

दुपारी 2.20

अख्ख्या डबीची तयारी, कापाच्याच सेटिंग्जनी. `depth` 1.6, पंखा तीसवरून पन्नास टक्के, बाहेरच्या रेघेचा वेग निम्मा, कोपऱ्यात मनोरा, सपोर्ट पूर्ण बंद.

मग एक काम जे विसरलं की आधीची सगळी मेहनत जाते. प्रत्येक थराची रेघ कुठेतरी सुरू होते आणि तिथेच संपते, त्या जागी एक बारीक पुटकुळी राहते. स्लायसर ती लपवायला आत वळलेला कोपरा शोधतो. साठाव्या थरावर नळीचा आडवा छेद पाहा. आत वळलेला कोपरा म्हणजे नेमकं वाटीचा आतला कोन आणि शंकूच्या बुडाची बगल. म्हणजे चांगल्या हेतूने तो पुटकुळी थेट आमच्या फटीत नेऊन ठेवतो, आणि एकावर एक वीस-पंचवीस थर तिथेच. म्हणून `Seam painting` घेऊन पाचही नळ्यांच्या लांबीच्या मध्यावर, बाहेरच्या पाठीवर पट्टा रंगवला आणि फटीजवळचा भाग बंद केला. भाच्याने थर सरकवत पुटकुळ्यांचे ठिपके तपासले. दोन ठिकाणी राहिले होते, तेही हलवले.

2.45 ला सुरू केलं. पहिला थर पूर्ण होईपर्यंत दोघंही उभे राहिलो.

दुपारी 3 ते 6

बाकीची कामं. एका दवाखान्याच्या यंत्राची मूठ, दोन कॉलेजची मॉडेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

साडेचारला एकदा खोलीतले दिवे लुकलुकले. प्रिंटर यूपीएसवर आहे. वीज गेल्यावर प्रिंटर पुन्हा जिथून थांबला तिथून सुरू करता येतो, पण त्या थराला एक खुणेची रेघ आणि थोडी गळ राहते. भिंतीवर ती चालते, बिजागरीच्या उंचीवर नाही.

संध्याकाळी 6.25

साठाव्या थरापाशी खुर्ची ओढून बसले. भिंतींचे काठ संपले. आता नोझल पाच नळ्या करून मनोऱ्याकडे जायचं, चौकोन काढायचं आणि परत यायचं. टॉर्च तिरका धरून वाटीच्या छताकडे पाहिलं. सकाळच्या तुकड्यात जिथे चकाकी होती, तिथे आता थरांच्या कडा वेगवेगळ्या, निस्तेज दिसत होत्या. चकाकी म्हणजे प्लॅस्टिक जास्त वेळ वितळलेलं राहिलं. निस्तेज कडा पाहिल्या आणि मी बाकी काही न पाहता चहा ठेवला.

मनोऱ्याकडे जाता-येता नोझल नळ्यांवरून बारीक केस ओढत होतं. पीईटीजी ते करतंच.

संध्याकाळी 7.05

बेड चाळीस अंशांच्या खाली गेल्यावरच हात लावला. गरम असताना वळवलं तर नळ्या वाकतात आणि अक्ष सरळ राहत नाही.

अंगठे मधल्या नळीशी. पाच अंश. कटकट, कटकट, चारही सांध्यांतून. मग दहा अंश, मग नव्वद. झाकणाच्या टोकाला धरून ओढायचा मोह होतो, ते कधीच करू नये. साठ मिलिमीटरच्या दांड्याने अडकलेल्या सांध्यावर केवढा जोर येतो! झाकण पूर्ण फिरलं आणि काठ काठावर बसला.

केस मात्र एकूण एक काढायचे होते. इतर डब्यांत मी एवढी चिकाटी करत नाही, पण इथे त्यातला एक जरी सुराच्या जिभेखाली गेला तर सूर गप्प. चिमटा, दाढीचा जुना ब्रश, मग व्हॅक्यूमची बारीक नळी. भाच्याने प्रत्येक खण टॉर्चखाली पाहिला. बिजागरी पन्नास वेळा उघड-बंद केली, म्हणजे आत राहिलेले तंतू झिजून बाहेर पडावेत. बाहेर पडली ती पिठासारखी चिमूटभर भुकटी, तीही ओढून घेतली.

संध्याकाळी 7.50

काका आले. चष्मा पुसून डबी हातात घेतली, उघडली, मिटली. मग मिटलेली डबी कानाशी नेऊन हलवली. मी हे केलंच नव्हतं.

"ताई, ही वाजतेय."

वाजत होती. उभ्या दिशेत अर्ध्या मिलिमीटरची जी जागा मी मुद्दाम वाढवली होती, तेवढंच झाकण वर-खाली हलत होतं आणि काठ काठावर टकटक करत होता. पुढच्या कडेला खटका धरून ठेवतो, पण बिजागरीकडच्या कडेला धरायला काहीच नव्हतं.

फट कमी करून हे जाणार नाही, मी त्यांना समजावलं. कमी केली की परत चिकटेल. मागच्या काठाच्या आत डबीला दोन बारीक तिरके दात द्यायचे. झाकण मिटताना ते त्यांच्यावर चढून घट्ट बसेल, म्हणजे मिटलेल्या स्थितीत सांध्यातला ढिलेपणा एका बाजूला दाबला जाईल आणि उघडताना मोकळा होईल. बिजागरीला हात लावायचा नाही.

"दात सुरांना लागणार नाहीत ना?"

"खणांच्या पलीकडे आहेत काका, मधे भिंत आहे."

त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेले दोन सूर काढले, पालीताण्याचे जुने, आणि खणात ठेवून पाहिले. एक नीट बसला. दुसरा, खर्जाचा, लांबीला मिलिमीटरभर जास्त होता, टोक अडकत होतं. व्हर्निअरने मोजून मी खर्जाच्या तीन खणांची लांबी दीड मिलिमीटर वाढवून लिहून घेतली. काकांनी तोवर आजची डबी पिशवीत टाकली. उद्या दुसरी मिळेपर्यंत नर-मादीचे सूर यात नेतो म्हणाले, फडकं घालून, म्हणजे वाजणार नाही.

ते गेल्यावर भाच्याने सकाळचा कापलेला तुकडा आणि दुपारचा सुटलेला काप एका तारेत ओवून फळीवर टांगला. दोन्हीवर मार्करने लिहिलं, एकावर "2 / 0.42 / पंखा 30 / वर चिकटली", दुसऱ्यावर "1.6 / 0.42 / पंखा 50 / मनोरा / सुटली, पण वाजते". मी दातांचं रेखाटन सुरू केलं आणि रात्रीसाठी रीळ पुन्हा वाळवायच्या पेटीत ठेवलं.